आता घरातला मर्द तू

कोकणातल्या आपल्या वस्त्यांत एक वाक्य बहुतेक सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. सुट्टी संपवून बाप कुवेतला किंवा सौदीला निघतो, बॅगा गाडीत चढतात, आणि दहा-अकरा वर्षांच्या थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून कोणीतरी म्हणते, “रडायचं नाही हां, आता घरातला मर्द तू.” बोलणारे मामू असोत, दादी असो की स्वतः अब्बा, मुलाला धीर द्यावा एवढाच त्यांचा हेतू असतो. पण त्याच दारात त्याची धाकटी बहीण मोठमोठ्याने रडत असते आणि तिला कोणीतरी कडेवर घेतलेले असते. मुलगा दोन्ही पाहतो. दुःख एकच, पण तिच्या वाट्याला मांडी आणि आपल्या वाट्याला जबाबदारी, हे त्याला तिथेच कळते.

पुढचा धडा फोनवर मिळतो. रात्री व्हिडिओ कॉल येतो. त्याआधी अम्मीने बजावलेले असते, “अब्बांना काही सांगू नकोस, परदेशात उगाच त्यांचा जीव टांगणीला लागेल.” पलीकडे अब्बाही एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहत असतात, उन्हातान्हात काम करून आलेले असतात, पण विचारले की म्हणतात, “सब ठीक.” मुलगाही म्हणतो, “सब ठीक.” अभ्यास कसा चाललाय? चांगला. अम्मीला त्रास देत नाहीस ना? नाही. दे फोन बहिणीला. दोघेही एकमेकांच्या प्रेमापोटीच लपवत असतात, आणि म्हणूनच हा धडा इतका पक्का बसतो. मर्द म्हणजे ज्याच्या मनात काय चालले आहे ते कोणालाच कळत नाही, अशी व्याख्या मुलगा कोणी न शिकवता शिकतो.

लपवल्याने दुःख कमी होते का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९०च्या दशकात यावर प्रयोग केले. लोकांना मन ढवळून काढणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि त्यांतल्या काहींना सांगितले की, तुम्हाला काय वाटते आहे ते पाहणाऱ्याला अजिबात कळू देऊ नका. त्यांचे चेहरे खरोखर शांत राहिले. पण मनातली वाईट भावना काही कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढलेला मोजणीत दिसला. नंतरच्या प्रयोगांत असेही आढळले की चेहरा सांभाळण्यात गुंतलेल्या माणसाला समोर काय बोलले गेले ते कमी आठवते. वर्गात “लक्ष कुठे असतं याचं?” अशी तक्रार आली, की आम्हाला हा प्रयोग आठवतो.

वर सांगितलेल्या थोरल्याचेच पुढचे चार-सहा महिने पाहू. सुरुवातीला तो शहाणा होतो. सिलिंडर चढवतो, बाजार आणतो, शेजारी कौतुक करतात. मग सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखू लागते. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही. हे ढोंग नव्हे, पोट खरेच दुखते. जे तोंडाने सांगायची सोय नाही ते शरीर सांगू लागते. त्यानंतर राग येतो. बहिणीने पेन्सिल घेतली म्हणून तिला फटका, अम्मीने हाक मारली तर दार आपटणे. लोक म्हणतात, बाप नाही ना डोक्यावर, म्हणून बिघडला. खरे तर मुलग्याला राग ही एकच भावना माफ असते. रडला तर हसतात, चिडला तर “मर्दाचा राग आहे” म्हणून सोडून देतात. साहजिकच भीती, आठवण, अपमान सारे त्याच एका दारातून बाहेर पडते. हाच मुलगा पंधरा-वीस वर्षांनी नवरा होतो आणि त्याची बायको माहेरी सांगते, “ते काही बोलतच नाहीत, नुसते चिडतात.”

यावर कोणी म्हणेल, मग सब्र कुठे गेला? सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणे, असा अर्थ आपण कुठून काढला कोण जाणे. तान्हे लेकरू इब्राहीम दगावले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना आश्चर्य वाटले, आणि त्यांना उत्तर मिळाले की ही तर रहमत आहे. आणखी एक हदीस लहान मुलांच्या संदर्भात फार कमी सांगितली जाते. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याचा एक लाडका लहानसा पक्षी होता, तो मेला. मूल खट्टू होऊन बसले होते. प्रेषितांनी (स.) त्याला नावाने हाक मारून विचारले की, अबू उमैर, तुझ्या त्या पाखराचे काय झाले? दुसरा आणून देतो असे म्हटले नाही, एवढ्याशा पाखरासाठी काय रडतोस असेही नाही. ज्याचे दुःख होते, नेमके त्याचेच नाव घेतले.

थोरल्यालाही असेच विचारता येते. “काय झालं? का असा वागतोस?” या प्रश्नाला मुलगे उत्तर देत नाहीत, कारण काय झाले ते त्यांनाच नीट सांगता येत नाही. त्याऐवजी “अब्बांची आठवण येते ना? मलाही येते,” असे म्हणून गप्प बसावे. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारू नये. त्याने मुलगा आवळून बसतो. मामूंच्या मोटारसायकलवर मागे बसलेला असताना, इशाच्या नमाजीनंतर घरी चालत येताना, जाळे विणताना तो आपणहून बोलतो. बोलला की लगेच उपाय सुचवायचा नाही. बहिणीला मारले असेल, तर ते चालणार नाही हे ठामपणे सांगावेच. पण राग आला हा गुन्हा नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. आणि बाजार आणणे हे त्याच्या वयाचे काम आहे, अम्मीच्या अश्रूंना आधार देणे हे नाही. ते मोठ्यांचे काम. ही सीमा अनेक घरांत पुसली जाते.

फोनवरची रीत मात्र अब्बांनाच मोडावी लागेल. “आज जेवताना तुझी फार आठवण आली, घास उतरेना,” एवढे बाप बोलला तर मुलाला कळते की मर्दाने हे बोललेले चालते. सगळे दुखणे मुलाच्या गळ्यात घालावे असे नाही. पगार अडकल्याची चिंता त्याला सांगून काय उपयोग?

मात्र पोटदुखी, झोप न लागणे, जेवण तुटणे, मित्र सोडणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, किंवा “मी नसतो तर बरं झालं असतं” असे काही तो बोलला, तर घरगुती समजावणीवर थांबू नये. समुपदेशकाकडे न्यावे. शासनाच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

अब्बा सुट्टीवर येतात तेव्हा घाई असते. महिना-दीड महिन्यात वर्षभराची शिस्त लावून जायची असते. वही तपासली जाते, केस कापायला पाठवले जाते, अम्मीच्या तक्रारींचा निकाल लागतो. पहिले चार दिवस यांतले काहीच करू नये. मुलगा दूरदूर राहील, खोलीत येऊन उगाच काहीतरी शोधेल आणि निघून जाईल. त्याला बाजारात बरोबर न्यावे, मासळीचा भाव त्याला करू द्यावा. पाचव्या दिवशी परतताना तो बहुधा विचारेल, “अब्बा, परत कधी जाणार?” तारीख खरी सांगावी, आणि त्यानंतर तो गप्प झाला तर विषय बदलू नये.