रक्त दुधासारखे दिसते तेव्हा

जिल्ह्यातल्या एका ३६ वर्षांच्या ट्रकचालकाची हकीकत समोर धरू. ती कुणा एकाची नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत वारंवार जे घडते, ते एकत्र करून मांडले आहे.

रात्री ढाब्यावर मटणाचे जेवण झाले आणि पहाटे बेंबीच्या वर असह्य कळ उठली. कळ थेट पाठीत गेली, उलट्या थांबेनात. तालुक्याच्या दवाखान्यात तोंडाने काही द्यायचे बंद करून सलाईन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्याला सोलापूरला हलवले. लायपेज खूप वाढलेले होते, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली होती. सोनोग्राफीत पित्ताशयात थोडा गाळ दिसला. चौथ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ४२० होते, पण त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. ‘खड्यांमुळे झाले’ असे ठरले, दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि गडी घरी गेला. आठ महिन्यांनी तीच कळ पुन्हा उठली. पित्ताशय तर आता नव्हते!

या वेळी पहिल्याच तासात रक्त घेतले गेले. नळी फिरवून ठेवल्यावर वर पिवळसर पाणी दिसायला हवे होते, तिथे दाट दुधासारखा पांढरा थर दिसला. लॅबमधल्या तंत्रज्ञाने तो पाहून डॉक्टरांना फोन केला. ट्रायग्लिसराइड ३,४६० निघाले, साखर ३७०. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला त्या दिवशी कळले.

मग पहिल्या वेळी ४२० कसे? ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. जेवणातून आलेली चरबी कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांतून रक्तात येते. खाणे बंद झाले की ही आवक थांबते आणि पातळी झपाट्याने खाली येते. दोन दिवसांच्या उपवासात हजारांतला आकडा शेकड्यांत येऊ शकतो. त्या ट्रकचालकाचा पुरावा सलाईनच्या बाटल्यांबरोबर वाहून गेला होता. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की स्वादुपिंडाच्या सुजेचा संशय आला की दाखल होतानाच्या पहिल्या रक्तातच ट्रायग्लिसराइड तपासावे. त्यासाठी रुग्ण उपाशी असण्याची वाट पाहू नये. ते राहून गेले असेल, तर पहिल्या दिवशीचा नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये शिल्लक आहे का, हे विचारावे.

दोन्ही आजारांत कळ सारखीच असते, बिघाड मात्र वेगळ्या जागी असतो. पित्ताशयातला खडा घरंगळत खाली येतो आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जिथे एकत्र आतड्यात उघडतात, तिथे अडकतो. तुंबलेल्या रसाने स्वादुपिंड सुजते. पित्तही तुंबल्यामुळे यकृताचे आकडे उसळतात. एएलटी १५० च्या वर असेल, तर खड्याचा संशय बळावतो. इथे कारण काढून टाकता येते. सूज सौम्य असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढणे योग्य ठरते.

चरबीच्या प्रकारात नलिका मोकळीच असते. स्वादुपिंडाच्या बारीक केशवाहिन्यांतून चरबीने दाट झालेले रक्त नीट वाहत नाही. शिवाय स्वादुपिंडाचे स्वतःचे लायपेज या चरबीचे तुकडे करते. त्यातून सुटणारी मेदाम्ले इतकी जास्त असतात, की ती तिथल्याच पेशींना जाळतात. याला शस्त्रक्रियेचा इलाज नाही, कारण दोष सगळ्या रक्तात आहे.

दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात. शिवाय कुठल्याही कारणाने स्वादुपिंड सुजले, तरी ट्रायग्लिसराइड काहीसे वाढते. त्यामुळे ३०० किंवा ४०० या आकड्यावरून दोष चरबीला देता येत नाही. १,००० च्या वर मात्र तिच्यावर बोट ठेवता येते. दुधाळ रक्त यंत्रांनाही फसवते: अमायलेज साधारण दिसते, सोडियम खोटेच कमी येते. अशा वेळी लायपेजवर भिस्त ठेवावी.

आपल्या ट्रकचालकाचे वजन ७० किलो. त्याला शिरेतून तासाला सुमारे ७ युनिट इन्सुलिन सुरू केले. इन्सुलिन साखर उतरवतेच, शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच्या चरबी फोडणाऱ्या विकरालाही जागे करते. दर तासाला साखर पाहायची, ती २०० च्या आसपास आली की सोबत ग्लुकोजचे सलाईन लावायचे आणि पोटॅशियमवर नजर ठेवायची. ही राखण जमत नसेल, तर हा उपचार धोक्याचा आहे. दुसऱ्या दिवशी आकडा १,५०० झाला, तिसऱ्या दिवशी ५०० च्या खाली आला आणि इन्सुलिनची धार थांबवली. साखर मुळात ठीक असलेल्या सौम्य रुग्णाला बहुधा उपवास आणि सलाईन पुरते. यंत्राने रक्तद्रव बदलला तर आकडा काही तासांत पडतो, पण त्यामुळे अधिक रुग्ण वाचतात हे सिद्ध झालेले नाही. खर्च पाहता तो निवडक गंभीर रुग्णांसाठीच ठेवावा.

खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते. फेनोफायब्रेटची गोळी उपयोगी आहे, पण आकडा हजाराच्या वर असताना ती एकटी पुरत नाही. तेव्हा ताटातली चरबीच कमी करावी लागते. १,६०० कॅलरींच्या जेवणात चरबीचा वाटा १५ टक्के धरला, तर दिवसाला जेमतेम २७ ग्रॅम चरबी बसते. पोह्याच्या मोठ्या चमच्याभर तेलातच त्यातली जवळपास निम्मी संपते. सोलापूरकराला सर्वांत जड जाणारी गोष्ट पुढेच आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. ३० ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी म्हणजे १५ ग्रॅम चरबी. शेंगदाणा इतरांसाठी चांगला खरा, पण कायलोमायक्रॉन तूप आणि शेंगतेल यांत भेद करत नाही. कडक भाकरी खा, ती डाळीच्या पातळ आमटीत चुरा. चटणीचा डबा काही महिने फळीवरच राहू द्या. दारू पूर्ण बंद, आणि चहातली साखर व मैदाही कमी, कारण जास्तीच्या साखरेपासून यकृत हीच चरबी बनवते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत महाराष्ट्रासह चार भागांतल्या सुमारे ३० टक्के लोकांचे ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आढळले होते. त्यांतल्या बहुतेकांचे स्वादुपिंड कधीच दुखणार नाही. काहींना मात्र आधीच थोडा आनुवंशिक दोष असतो. त्यात बेलगाम मधुमेह, दारू, थायरॉइडची कमतरता, स्टिरॉइड किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने यांची भर पडली की आकडा हजारांत उडी घेतो. अगदी तरुणपणी, मधुमेह वा दारू नसताना असे झाले, तर लायपोप्रोटीन लायपेजचा जन्मजात अभाव शोधावा आणि भावंडांचेही रक्त तपासावे.

त्या ट्रकचालकाच्या जुन्या कागदांत दोन वर्षांपूर्वीचा एक लिपिड रिपोर्ट सापडला. त्यात एलडीएलच्या रकान्यात आकडा नव्हता, ‘मोजता आले नाही’ असा शेरा होता. नेहमीच्या सूत्राने एलडीएल काढता येत नाही, तेव्हा ट्रायग्लिसराइड बहुधा ४०० च्या पलीकडे गेलेले असते. तो शेरा लॅबची चूक समजून त्याने कागद घडी घालून ठेवला होता. तुमच्या फाइलमध्ये असा कोरा रकाना असेल, तर या आठवड्यात ट्रायग्लिसराइड आणि साखर पुन्हा तपासून घ्या.