कोरा उघडणारा अर्ज

जुना अर्ज मोबाईलवर उघडावा आणि कोऱ्या पानावर फक्त "Please wait..." ही इंग्रजी ओळ दिसावी, असे पुष्कळांचे होते. फाईल बिघडली असे वाटते. बहुधा ती बिघडलेली नसते.

साध्या पीडीएफमध्ये पान तयार असते. अशा एक्सएफए अर्जात पान नसतेच. पान कसे रचायचे याच्या सूचना असतात आणि वर थांबा सांगणारे एकच तात्पुरते पान असते. सूचना वाचता येणारे सॉफ्टवेअर ते पान काढून खरा अर्ज उभा करते. ज्याला वाचता येत नाहीत, तिथे तात्पुरते पानच राहते. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकाने ही पद्धत कालबाह्य ठरवली. संगणकावरचे अ‍ॅडोबी रीडर हे अर्ज उघडते, मोबाईलवरचे उघडत नाही. फायरफॉक्स २०२१ पासून दाखवते. अ‍ॅडोबी रीडरमध्ये Ctrl+D दाबून माहिती पाहावी. तिथे LiveCycle Designer हे नाव आढळले तर अर्ज बहुधा याच प्रकारचा.

आता समजा, अंधेरीतल्या एका पतपेढीचा कर्जाचा अर्ज असा आहे आणि तो सभासदांना मोबाईलवर भरता यावा अशी कार्यकर्त्यांची इच्छा आहे. प्रथम संगणकावर अ‍ॅडोबी रीडरमध्ये तो उघडावा, पण काही भरू नये. भरलेले छापात कायमचे उमटते. जामीनदारांच्या तक्त्यात ओळ वाढवण्याचे बटण असेल, तर लागतील तितक्या ओळी आधीच वाढवाव्यात. खाली उघडणाऱ्या यादीतले पर्याय कागदावर उतरवून घ्यावेत, कारण छापात ते दिसत नाहीत. मग छपाईत Microsoft Print to PDF निवडावे. पान मिळते, पण चौकटी निर्जीव होतात.

हा छाप समोर ठेवून लिब्रेऑफिस रायटरमध्ये अर्ज पुन्हा मांडावा, Form मेनूतून चौकटी घालाव्यात आणि पीडीएफ काढताना Create PDF form वर खूण करावी. आपोआप होणारी बेरीज मात्र गेली. ती हिशेबनीसाने तपासावी. शेवटी फाईल मोबाईलवर भरून, जतन करून, पुन्हा उघडून पाहावी.

दुसऱ्याच्या अर्जाला मात्र हा उपाय लावू नये. पासपोर्टच्या पूर्वीच्या ई-फॉर्मचे उदाहरण घ्या. त्यातल्या Validate बटणातून एक्सएमएल फाईल निघे आणि संकेतस्थळावर तीच चढवावी लागे. कॅनडाच्या शिक्षण परवान्याच्या आयएमएम १२९४ अर्जात त्याच बटणाने बारकोड उमटतो. रूपांतर केले की हे बटणच जाते आणि घेणाऱ्या कार्यालयाला हवी ती माहिती मिळत नाही. असा अर्ज संगणकावर, अ‍ॅडोबी रीडरमध्येच भरावा.