म्यूटवर ‘डिजिटल अरेस्ट’: सावध करणारी रील घाबरवते कधी?

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीबद्दल सांगितलं, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून या विषयावरच्या जनजागृतीच्या रील्स भरपूर दिसतात. हेतू चांगला आहे, पण यातल्या बऱ्याच रील्स आवाज बंद करून पाहिल्या तर मला अर्थ उलटाच लागतो.

नेहमीचा साचा बघा. वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर ओरडतोय, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात!’ आणि ‘हे सगळं खोटं आहे’ हे वाक्य फक्त व्हॉइसओव्हरमध्ये. लोकलमध्ये किंवा ऑफिसात म्यूटवर पाहणाऱ्यापर्यंत वर्दी आणि अटक एवढंच पोहोचतं. म्हणजे अशी अटक खरंच होते, हा भामट्यांचाच दावा आपण पसरवला. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही.

उपाय म्हणून नुसती सबटायटल्स टाकून भागत नाही. स्क्रीनवरचा मजकूर आणि कॅप्शन एकत्र बसून, शूटिंगच्या आधी लिहायला हवेत, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. रील डाउनलोड होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की कॅप्शन मागे राहते. म्हणून जे कळलंच पाहिजे ते व्हिडिओत हवं. उलट कॅप्शन पोस्ट केल्यावरही बदलता येते, पण व्हिडिओवर छापलेलं वाक्य चुकलं तर रील पुन्हा टाकावी लागते. म्हणून तपशील आणि बदलू शकणारी माहिती कॅप्शनमध्ये.

याच विषयावर साधारण १३ सेकंदांची रील मी अशी लिहीन:

० ते ३ सेकंद: व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही.
३ ते ६: वर्दी, कोर्ट, नोटीस – सगळा बनाव.
६ ते ९: कॉल कट करा. घरच्यांना सांगा.
९ ते १३: पैसे गेले? लगेच हेल्पलाइन 1930 ला फोन करा.

पहिल्याच वाक्यात नकार आहे. कोणी दोन सेकंदांत पुढे स्वाइप केलं तरी बरोबर गोष्ट घेऊन जाईल. ‘हेल्पलाइन’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय, कारण नुसतं 1930 लिहिलं तर ते साल वाटतं.

आता कॅप्शन. रील चालू असताना तिची सुरुवातच दिसते, बाकीचं टॅप केल्यावर. तिथे स्क्रीनवरचंच वाक्य परत लिहिलं तर ती जागा वाया जाते. मी लिहीन: ‘आई-बाबांना आजच सांगा: पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत.’ त्याखाली पुढची पावलं: व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख, रक्कम आणि कॉल आलेला नंबर जपून ठेवा, बँकेला कळवा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक टॅप करून उघडत नाही, त्यामुळे असा टाइप करता येईल इतका छोटा पत्ताच द्या. कॅप्शनचा आणखी एक उपयोग म्हणजे दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर ती वाचू शकतो. व्हिडिओवर छापलेली अक्षरं त्याच्यासाठी फक्त चित्र असतात. म्हणून मूळ इशारा कॅप्शनमध्येही हवा, फक्त वेगळ्या शब्दांत.

जागेचं गणितही आहे. रील १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाची शिफारस आहे की वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवा. आपल्या साध्या रीललाही ते लागू पडतं, कारण खाली अकाउंटचं नाव आणि कॅप्शन येते. म्हणजे खालचे जवळपास ६७० पिक्सेल सोडायचे. नाहीतर तुमची कॅप्शनच हेल्पलाइन नंबर झाकून टाकेल.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. एकेक अक्षर उमटवणारा टाइपरायटर इफेक्ट अनेकदा युनिकोडचे तुकडे मोजतो. ‘क्ष’ हा आपल्यासाठी एक, पण युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. मग ‘शिक्षा’ उमटताना मध्येच ‘शिक’ दिसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाही तुटते. दोन्ही टाळा आणि पूर्ण ओळ एकदम दाखवा.

पोस्ट करण्याआधी रील म्यूट करून, स्क्रीनचा खालचा तिसरा भाग हाताने झाकून, विषय माहीत नसलेल्या कुणालातरी एकदाच दाखवा आणि विचारा, ‘असा कॉल आला तर काय करशील?’ ‘कट करीन’ हे उत्तर आलं तर टाका. ‘पोलीस आता व्हिडिओवरही पकडतात का?’ असा उलट प्रश्न आला, तर पहिली ओळ पुन्हा लिहा.