पट्टी आली म्हणून पडदा पाडायचा नाही

मैत्रिणींनो,

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आपल्या गटांनी गेल्या काही वर्षांत एक नवा फळा हाती घेतला. किनवट-मुखेडच्या तांड्यांवर, उदगीर-निलंग्याच्या वस्त्यांवर जी गोष्ट आपण पूर्वी पोस्टर लावून, गाणी म्हणून सांगत होतो, तीच आता यूट्यूबवरच्या फिल्ममधून सांगतो. काही गटांना जाहिरातींचे थोडे पैसेही मिळू लागले. रक्कम मोठी नाही, पण एसटीचे भाडे आणि फोनचे बिल त्यातून भागते. आणि मग एके सकाळी फिल्म गायब होते, किंवा पैसे येणे थांबते. गटात पहिली प्रतिक्रिया भीतीची असते: “काढून टाका बाई ती फिल्म, नसती भानगड नको.”

या अंकात आपल्याला याच क्षणाबद्दल बोलायचे आहे. घाबरून पडदा पाडला तर कंपनीला काहीच करावे लागत नाही, आपली तोंडे आपणच बंद करून घेतो.

आधी एक जुनी हकिकत. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधल्या एका व्यक्तीने स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारे एक चित्र इन्स्टाग्रामवर टाकले. त्यात आठ छायाचित्रे होती आणि पाचांत स्तनाग्रे दिसत होती. हे कर्करोगाच्या जागृतीसाठी आहे, असे चित्रावर पोर्तुगीजमध्ये लिहिलेही होते. तरी यंत्राने ते नग्नता म्हणून काढून टाकले. त्या व्यक्तीने अपील केले. प्रकरण कंपनीच्या स्वतंत्र देखरेख मंडळापुढे गेले. मंडळाने ते निवडल्यावर कंपनीने चूक कबूल करून चित्र परत लावले. जानेवारी २०२१ च्या निकालात मंडळाने बजावले की आरोग्याच्या जागृतीसाठी स्तन दाखवायला कंपनीच्याच नियमांत मुभा होती, आणि माणसाने न पाहता यंत्रावर सोडल्यामुळे बायकांच्या अभिव्यक्तीवर घाला आला. नियम आपल्या बाजूचा होता, पण तो यंत्राला कळला नाही. पोर्तुगीज ज्या यंत्राला धड वाचता आले नाही, त्यापुढे आपली मराठी आणि गोरमाटी कुठे असणार, याचा विचार करा.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, लातूर तालुक्यातल्या एका गटाने ‘स्तनांची तपासणी घरी कशी करावी’ अशी सहा मिनिटांची फिल्म टाकली. आशाताई बोलत आहेत, दोन ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी दिसते. आठवड्याने फिल्म काढली जाते आणि ‘नग्नता आणि लैंगिक मजकूर’ या नियमाचा भंग झाल्याचे पत्र ईमेलवर येते.

पहिले काम, ते पत्र नीट वाचणे. हे पत्र कुणाच्या ईमेलवर जाते, हाच आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. चॅनल सुरू करताना कुणाच्या तरी मुलाने, भाच्याने आपला ईमेल घातलेला असतो. तो पुण्याला कामाला जातो आणि मुदतीचे दिवस कुणी न वाचता निघून जातात. म्हणून चॅनलचा ईमेल आणि पासवर्ड गटातल्या किमान दोघींकडे हवा. पत्रावरच विसंबूही नका, कारण खोटी पत्रेही येतात. पत्रातल्या दुव्यावर न जाता YouTube Studio स्वतः उघडा. खरी कारवाई असेल तर ती तिथे दिसतेच.

पत्रात दोन गोष्टी शोधायच्या. ही ताकीद आहे की स्ट्राइक, आणि कोणत्या नियमाखाली. पहिल्या वेळी बहुधा ताकीदच मिळते. तिने काही बंद होत नाही, आणि छोटेसे प्रशिक्षण पुरे केले तर ९० दिवसांनी ती पुसलीही जाते. मात्र त्या ९० दिवसांत तोच नियम पुन्हा मोडला तर स्ट्राइक लागते. पहिल्या स्ट्राइकने एक आठवडा नवे काही टाकता येत नाही. ९० दिवसांत दुसरी आली तर दोन आठवडे, आणि तिसरी आली तर चॅनलच जाते.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, घाबरून फिल्म स्वतः पुसणे. त्याने स्ट्राइक जात नाही, ती आपल्या मुदतीपर्यंत राहतेच, आणि अपिलात दाखवायला हाताशी काही उरत नाही. दुसरी, “चला, दुसऱ्या नावाने चॅनल काढू.” बंदी चुकवण्यासाठी दुसरे चॅनल वापरणे हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो आणि त्यात दोन्ही चॅनले जाऊ शकतात. तेव्हा तो आठवडा शांतपणे काढा आणि अपील लिहा. त्यासाठी ९० दिवस असतात, पण एका स्ट्राइकवर अपील एकदाच करता येते. म्हणून रागाच्या भरात रात्री अकराला ते पाठवू नका. गटाने एकत्र बसून लिहा.

काय लिहायचे? आपल्याला निवेदने लिहायची सवय आहे. “आम्ही पंचवीस वर्षे काम करतो, हा महिलांवर अन्याय आहे” ही वाक्ये कलेक्टर कचेरीत चालतात, इथे चालत नाहीत. तपासणाऱ्याला आपली संस्था माहीत नसते, त्याला फक्त फिल्म आणि नियम यांची सांगड घालायची असते. म्हणून चारच गोष्टी लिहा: कोणत्या मिनिटाला काय दिसते, ते का दाखवले, तो हेतू फिल्ममध्ये कुठे ऐकू येतो, आणि नियमातली कोणती मुभा लागू होते. आपल्या उदाहरणात अपील असे होईल:

“ही स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे ओळखण्याविषयीची आरोग्य-शिक्षणाची फिल्म आहे. २ मिनिटे १० सेकंदांवर आणि ४ मिनिटांवर तपासणीची पद्धत दाखवण्यासाठी उघडा स्तन दिसतो. सुरुवातीलाच आरोग्य कार्यकर्ती मराठीत म्हणते, ‘गाठ लवकर ओळखावी म्हणून ही तपासणी आहे.’ लैंगिक उत्तेजनाचा हेतू नाही. शैक्षणिक मजकुराला आपल्या नियमांत असलेली सूट इथे लागू होते. कृपया मराठी समजणाऱ्या व्यक्तीकडून तपासणी करावी.”

जमल्यास हे साध्या इंग्रजीत लिहा आणि मराठी वाक्याचा अर्थ द्या. यूट्यूबच्या नियमांत शिक्षण, माहितीपट, विज्ञान आणि कला यांना सूट आहे, पण तो संदर्भ फिल्मच्या चित्रात, आवाजात, शीर्षकात किंवा खालच्या वर्णनात दिसला पाहिजे. नुसते ‘बायकांनो, हे बघाच’ असे शीर्षक असेल तर अपील लंगडे होते. हा धडा पुढच्या फिल्मसाठी.

निकाल तीन प्रकारचे येतात. फिल्म परत लागते आणि स्ट्राइक जाते. किंवा स्ट्राइक जाते पण फिल्मवर वयाची अट लागते, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना आणि लॉगिन न करणाऱ्यांना ती दिसत नाही. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर चोरून बघणाऱ्या बाईपर्यंत ती मग पोचणे अवघड होते, हे ध्यानात ठेवून ती दुसऱ्या मार्गानेही पोचवा. किंवा अपील फेटाळले जाते.

पैसे थांबणे ही वेगळी बाब आहे. फिल्म जागेवर असते, पण तिच्यापुढे पिवळे डॉलरचे चिन्ह दिसते. म्हणजे नियम मोडलेला नाही, जाहिरातदारांना मात्र विषय नकोसा वाटतो. मारहाण, बलात्कार, गर्भपात या शब्दांवर असे फार झाले. जानेवारी २०२६ मध्ये यूट्यूबने हे नियम सैल केले. घरगुती आणि लैंगिक हिंसा, गर्भपात, आत्महत्या यांवर बीभत्स तपशील न दाखवता बोलणाऱ्या फिल्मना पूर्ण जाहिराती मिळू शकतात. बालकांवरील अत्याचाराचा विषय मात्र या सवलतीबाहेर ठेवला आहे. म्हणून पिवळे चिन्ह आले की पुनर्तपासणी मागा, ती माणूस करतो. तीही एकदाच मागता येते. फिल्म सर्वांसाठी खुली करण्याआधी Unlisted ठेवून चढवली तर चिन्ह आधीच कळते आणि पहिल्या दिवसांची कमाई बुडत नाही. ‘बलात्कार’ शब्दात मध्येच फुल्या घालण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र सोडा. ज्या शब्दाला शब्द म्हणायला आपण वर्षानुवर्षे झगडलो, तो काही रुपयांसाठी परत झाकायचा?

अपील फेटाळले तरी वाट संपत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मजकूर स्वतःहून काढताना कारण कळवावे लागते आणि आपले म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. प्रत्येक कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येते. ही समिती २०२३ पासून काम करते. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनचे कागद लागतात: पत्राची प्रत, पडद्याचे फोटो, अपिलाचा मजकूर, तारखा. मूळ फिल्मची प्रत गटाकडे वेगळी हवीच. सरकारच्या आदेशाने काही बंद झाले असेल तर ही वाट उपयोगाची नाही, तिथे वकिलाचाच सल्ला घ्यावा.

शेवटी आपल्याच घराकडे बघू. २०२२ मध्ये दलित दृष्टिकोन मांडणाऱ्या एका इन्स्टाग्राम खात्याने भारतातल्या एका आदिवासी स्त्रीवर जमावाने केलेल्या लैंगिक अत्याचाराची चित्रफीत टाकली. कंपनीने ती आधी काढली, मग सूचनेचा पडदा लावून परत ठेवली, आणि देखरेख मंडळाने ते योग्य ठरवले. कारण अत्याचार उघड करणे हा हेतू स्पष्ट होता आणि त्या स्त्रीची ओळख पटत नव्हती. ही दुसरी अट आपल्यासाठी कंपनीच्या नियमाहून मोठी आहे. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आपल्या फिल्ममध्ये तिचे गाव, शाळा, नवऱ्याचे नाव ऐकू येत असेल तर अपील करू नका. फिल्म गेली ते बरेच झाले म्हणा, आणि तिला जाऊन भेटा.

बाकी प्रत्येक वेळी मात्र अपील करा. पुढच्या बैठकीत चॅनलचा ईमेल कुणाच्या हाती आहे, एवढा एक विषय तरी घ्या.

— संपादक मंडळ