खुर्चीचा तास

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणं झाल्यावर मी दवाखान्याची वही उघडून बसले होते आणि सासरे समोर कांदा निवडत होते. त्यांनी सहज विचारलं, "एका रूट कॅनॉलमागं तुला सुटतं किती?" मी म्हटलं, "अडीच हजार घेते. सामान पाचशेचं धरा. म्हणजे दोन हजार सुटतात." त्यांचा हात थांबला. "आणि तुझी मजुरी कुठं धरलीस?"

सासरे १९८० साली चाकणच्या कांदा आंदोलनात होते. आमच्या कोरेगाव भीमाहून चाकण काही लांब नाही, शिक्रापूरवरून रस्ता जातो. शरद जोशींनी तिथं शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मागितला, तेव्हापासून खर्चात काय काय धरायचं हा त्यांचा आवडता विषय. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात खर्चाच्या पायऱ्याच आहेत. खिशातून गेलेला पैसा म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी-टू. त्या रात्री लक्षात आलं की मी नऊ वर्षं दवाखाना ए-टूवर चालवत होते, आणि तोसुद्धा अर्धवट.

दर ठरवायला आम्हाला कुणी शिकवत नाही. नवीन दवाखाना टाकणारा डॉक्टर वाघोलीत काय घेतात, शिक्रापूरला काय घेतात हे विचारतो आणि मधला आकडा बोर्डावर लिहितो. मीही तेच केलं होतं. पण वाघोलीतल्या डॉक्टरचं भाडं वेगळं, त्याच्याकडच्या खुर्च्या वेगळ्या. त्याचा दर हा त्याच्या खर्चाचा आकडा असतो. कित्येकदा तोही नसतो, त्यानंही कुणाला तरी विचारलेलं असतं.

म्हणून पहिल्यांदा महिन्याचा बांधील खर्च लिहून काढला. पेशंट आला काय आणि न आला काय, हा जाणारच. गाळ्याचं भाडं १४ हजार. मदतीला असलेल्या दोन मुलींचे पगार मिळून २२ हजार. वीज आणि इन्व्हर्टर साडेचार हजार. जैव कचरा नेणाऱ्यांचे पैसे, फोन, हिशेबनीस, सफाई असं मिळून साडेतीन हजार. विमा आणि दुरुस्ती तीन हजार. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि एक्स-रेचं मशीन मिळून सहा लाखांचं. ते आठ वर्षं टिकेल असं धरलं तर महिन्याचा घसारा सव्वासहा हजार. बेरीज ५३,२५० रुपये. त्याखाली मी थोडी लाजत माझा पगार लिहिला, ६० हजार. माझ्या जागी दुसरा डॉक्टर बसवला असता तर त्याला एवढे द्यावेच लागले असते, म्हणून तो आकडा. एकूण १,१३,२५०.

आता याला भागायचं कशानं? सगळा घोळ इथंच होतो.

दवाखाना महिन्याला २५ दिवस, दिवसाला सात तास उघडा, म्हणजे १७५ तास. पण खुर्ची सातही तास चालू शकत नाही. एक पेशंट उठला की पुसणं, हत्यारं बदलणं, दुसऱ्याचा केसपेपर. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी म्हणून सणसवाडीचे कामगार त्याच दिवशी येतात, आणि देखभालीसाठी वीजही बऱ्याचदा त्याच दिवशी जाते. हे सगळं वजा जाता खुर्ची मनापासून चालवली तरी १४० तास चालेल असा आमचा अंदाज. प्रत्यक्षात डायरीतून मोजलं तर भरलेले तास निघाले ८४.

खर्चाला ८४ ने भागलं तर तासाचा भाव साधारण १,३५० रुपये. १४० ने भागलं तर ८१० रुपये. पहिला आकडा खरा वाटतो, कारण तेवढेच तास पैसे देतात. पण तो धरला की रिकाम्या खुर्चीचं भाडं समोर बसलेल्या पेशंटच्या माथी बसतं. दर चढतात, चार पेशंट कमी होतात, भरलेले तास ७० वर येतात, आणि त्याच हिशेबानं दर आणखी चढवावे लागतात. म्हणून भागायचं ते चालू शकणाऱ्या तासांनी. उरलेले ५६ तास हा पेशंटचा दोष नाही. तो माझा खर्च आहे आणि तो वहीत वेगळ्या ओळीवर दिसायला हवा. याला मर्यादा आहे, हेही सांगते. तास वर्षानुवर्षं भरलेच नाहीत, तर हा भाव कितीही न्याय्य असला तरी दवाखाना बुडेल. मग गाळा लहान करायचा किंवा दोन मुलींऐवजी एक ठेवायची, दर वाढवून उपयोग नाही.

तासाचा भाव हातात आल्यावर आम्ही मोबाईलवर वेळ लावायला सुरुवात केली. माझा हात चालू असतो तेवढाच वेळ नाही, तर पेशंट खुर्चीत बसल्यापासून खुर्ची पुसून दुसऱ्यासाठी तयार होईपर्यंत. खालच्या दाढेचं रूट कॅनॉल मला वाटायचं तासाभराचं काम. वीस दाढांची सरासरी काढली तर पहिली सिटिंग ६० मिनिटं आणि दुसरी ५०. एकूण ११० मिनिटं, म्हणजे ८१० च्या भावानं १,४८५ रुपये.

सामान मी पाचशेचं सांगत होते, तेही मोजलं. नसा साफ करायच्या रोटरी फाइल्सचा संच दीड हजाराचा. तो आम्ही चार दाढांना वापरतो, नंतर मोडण्याची भीती असते, म्हणून दाढेमागे ३७५. भूल, सुई, रबर डॅम, धुवायचं हायपोक्लोराइट, गटापर्चा, सीलर, दोन सिटिंगचे ग्लोव्ह्ज, मास्क आणि सक्शनच्या नळ्या, हत्यारांच्या पिशव्या, शेवटी वर भरायचं कंपोझिट. सगळं मिळून ९२५. यात जीएसटीसकटच्या किमती आहेत. आमच्या उपचारावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेला करही परत मिळत नाही; तो खर्चच. वर दहा टक्के वाया जाण्याचे धरले, कारण बाटलीतलं बाँडिंग सुकतं, कंपोझिटची नळी अर्धी असताना तारीख उलटते. म्हणजे १,०२० च्या आसपास.

वेळ आणि सामान मिळून २,५०५. त्यावर पाच टक्के परत कराव्या लागणाऱ्या कामाचे, कारण विसातली एखादी दाढ पुन्हा उघडावी लागते आणि तेव्हा मी पैसे घेत नाही. झाले २,६३०. अडीच हजार घेऊन मी दर दाढेमागे पदरचे १३० रुपये घालत होते, आणि ओळखीच्याला पाचशे सोडले की ६३०.

यावर मार्जिन २० टक्के. इथं एक बारीक चूक होते. २,६३० मध्ये त्याचे २० टक्के मिळवले तर ३,१५६ येतात. पण मग बोर्डावरच्या दरात नफा २० टक्के उरत नाही, सतरा टक्क्यांच्या खाली जातो. दरातले २० टक्के हवे असतील तर २,६३० ला ०.८ ने भागायचं. येतात ३,२८८. बोर्डावर ३,३०० लिहिले. मार्जिन म्हणजे माझी चैन नव्हे. पगार आधीच वेगळा धरलाय. खुर्ची आठ वर्षांनी जुन्या किमतीला मिळत नाही, कर्जावर व्याज असतं, रिकाम्या तासांतले काही यातूनच भरून निघतात.

कॅपचा हिशेब करताना मात्र मीच जरा ओशाळले. आमच्यात एक चालत आलेला नियम आहे: लॅबच्या बिलाला चारने गुणा. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला लॅब ७०० घेते, मी २,८०० घ्यायचे. मोजून पाहिलं. दाढ घासणं, माप, बसवणं मिळून ७० मिनिटांचे ९४५, सामान वाया जाण्यासकट ४४०, लॅब ७००. पुन्हा करण्याचे पाच टक्के आणि मार्जिन घालून येतात साधारण २,७५०. नियम बरोबर निघाला! पण झिरकोनियाच्या कॅपला लॅबचं बिल २,०००. नियमानं ८,००० होतात. माझा वेळ तोच, सामान तेच, वाढले ते लॅबचे तेराशे. मोजून आले ४,४५०. चारचा नियम एका कॅपला योगायोगानं जुळला होता आणि आम्ही तो सगळ्यांना लावत होतो.

रूट कॅनॉल महाग झालं म्हणून कुरकुर झालीच. सणसवाडीत कामाला असलेला एक दादा म्हणाला, "मॅडम, एकदम आठशेची वाढ?" त्याला वही दाखवली. तो कारखान्यात मशीनवरच असतो, म्हणाला, "आमच्याकडंपण मशीन अवरवरच रेट काढतात की." बाकी सगळ्यांना वही दाखवून चालत नाही. ठणका लागलेल्या माणसाला हिशेब नको असतो.

एक गोष्ट हिशेबाशिवाय कधीच दिसली नसती. पहिल्या सिटिंगला नस काढली की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की शिफ्टमधला कामगार पुन्हा फिरकत नाही. आम्ही पहिल्या दिवशी पाचशे रुपये जमा घ्यायचो. पण महागाचं सगळं पहिल्याच दिवशी होतं: तासाभराची खुर्ची, फाइल्सचा मोठा वाटा, भूल, रबर डॅम. मिळून चौदाशेच्या घरात. जो परत आला नाही, त्यानं नऊशे माझ्याकडून नेले आणि दाढ अर्धवट ठेवून स्वतःचंही नुकसान केलं. आता पहिल्या दिवशी २,००० आणि दुसऱ्या दिवशी १,३००. परत येणाऱ्यांची संख्या वाढली, कारण राहिलेली रक्कम छोटी वाटते आणि दिलेली मोठी.

ज्याच्याकडे खरंच पैसे नसतात त्याला मी अजूनही सोडते. फरक इतकाच, की सोडलेले पैसे आता वहीत त्या नावानं लिहिले जातात. सवलत द्यायची तर मार्जिनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसहाशेपर्यंत. त्यापुढं गेलं तर ते दान, आणि दान मी महिन्याला किती करू शकते हे मला माहीत असायला हवं.

१ जानेवारीला महामार्गावरची वाहतूक वळवलेली असते, तेव्हा दवाखाना बंद. तो दिवस आता २५ मधून आधीच वजा करते. गेल्या महिन्यात खुर्ची ९७ तास चालली. १४० मधले ४३ तास रिकामे गेले. त्यांतले काही मार्जिननं भरून काढले, उरलेले माझ्या पगारातून गेले. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे अजून सी-टू निघत नाही." नाही निघत.