भोवळ आली, पण कशी?

कोणी भोवळ येऊन पडले की आपल्याकडे कारणे ठरलेली असतात: अशक्तपणा, ऊन, उपास, ‘बीपी लो’. उपायही ठरलेले. एक जण कांदा हुंगायला लावतो, दुसरा तोंडात पाणी ओततो, तिसरा उचलून खुर्चीत बसवतो. पुढे दवाखान्यात सलाइन आणि पैशांची सोय झाली तर मेंदूचा सीटी स्कॅन. राहून जातात त्या दोन स्वस्त गोष्टी. माणूस पडला तेव्हा काय करत होता, हे विचारणे आणि ईसीजी काढणे. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

भोवळ म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद तुटणे. बहुतेक वेळा त्याचे कारण साधे असते. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या रांगेत तासभर उपाशी उभी असलेली सतरा वर्षांची मुलगी घ्या. बराच वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. मग एक मज्जातंतू गरजेपेक्षा जास्त जोर करतो, रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब कोसळतो. पण हे सांगून येते. आधी मळमळते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. रक्त काढताना किंवा जखम पाहून येणारी भोवळ याच जातीची. आडवे होताच मिनिटभरात शुद्ध येते. काही सेकंद हातपाय झटकले गेले तर लोक फिट आली म्हणतात. पण फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, भोवळीनंतर लगेच ओळखतो, बोलतो.

आता बासष्ट वर्षांचे एक शेतकरी पाहा. ओट्यावर बसून चहा पीत असताना बोलता बोलता कप हातातून सुटला आणि ते कलंडले. घाम नाही, मळमळ नाही. चेहरा राखेसारखा पडला, अर्ध्या मिनिटात शुद्ध आली आणि चेहरा एकदम लालसर झाला. सलाइन लागले, सीटी स्कॅन निर्दोष निघाला आणि अशक्तपणावर टॉनिक मिळाले. आठवड्याने पुन्हा तेच झाले, तेव्हा ईसीजी काढला गेला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणारे विजेचे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नव्हते आणि नाडी मिनिटाला ३६ होती. याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. त्यावर उपाय पेसमेकर, टॉनिक नव्हे. निदान दडले होते ‘बसलेले होते आणि काही जाणवले नाही’ या एका वाक्यात, आणि ते सांगू शकणारी त्यांची पत्नी पहिल्या दिवसापासून शेजारीच उभी होती.

म्हणून पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी ईसीजी आणि हृदयाची तपासणी हवी: बसल्या जागी किंवा झोपलेल्या स्थितीत शुद्ध जाणे, जिना चढताना वा खेळताना पडणे, आधी छातीत धडधड किंवा दुखणे, कसलीच पूर्वसूचना न मिळाल्याने तोंडावर आपटणे, आधीपासून हृदयविकार असणे, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे. धावताना पडलेल्या मुलालाही हा नियम लागू आहे. श्रमाने येणारी भोवळ जाड झालेल्या हृदयाच्या स्नायूमुळे किंवा अरुंद झालेल्या झडपेमुळे असू शकते. ते इकोत दिसते. एक ईसीजी निर्दोष आला म्हणून संशय फिटत नाही, कारण ठोक्यांतला दोष येऊन जाऊन असतो. अशा वेळी २४ तास किंवा त्याहून जास्त नोंद घेणारे होल्टर लावावे लागते. डोक्याला मार लागला असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हातापायांतली शक्ती गेली असेल, तर सीटी स्कॅन जरूर करावा. केवळ भोवळीसाठी त्याचा उपयोग क्वचितच होतो.

शेजारी उभे असलेल्यांनी काय करावे? माणसाला उताणे झोपवा, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा. बसवू नका, बसवल्याने मेंदूकडे जाणारे रक्त आणखी घटते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काहीही घालू नका, पाणी श्वासनलिकेत जाते. श्वास पाहा. तो थांबला असेल किंवा माणूस नुसते आचके देत असेल तर ती भोवळ नव्हे, हृदय थांबले आहे. लगेच १०८ ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहा. शुद्ध आल्यावरही दहा-पंधरा मिनिटे उठू देऊ नका.

आणि रुग्णासोबत दवाखान्यात जा. तो पडला कसा हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. तो उभा होता की बसलेला, आधी काही म्हणाला का, चेहरा कसा झाला, किती वेळाने बोलला, एवढे डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा आणि ‘ईसीजी काढला का?’ एवढे आवर्जून विचारा.