‘एवढ्यात नको’ने भागत नाही

‘एवढ्यात नको’ म्हटलं की स्थळ टळतं, विषय टळत नाही. पुढच्या दिवाळीला नवी पत्रिका हजर! म्हणून कारेलीबागेतल्या मावशीला मी सरळ सांगितलं, "मी अलैंगिक आहे. शरीरसंबंधाची ओढ मला कधी वाटलीच नाही. माया, सोबत मात्र हवी."

"डॉक्टरला दाखव रे!"

(आपल्याकडे सगळ्यावर डॉक्टर!) पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेतही, जन्मभर इच्छा नसलेली व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानत असेल, तर तिला कामेच्छेचा विकार ठरवू नये असं म्हटलंय.

"म्हातारपणी कोण?" हा तिचा प्रश्न मात्र रास्त. तिथे ‘बघू’ चालत नाही. बचत किती, घर कुठलं, आजारपणात कोण येईल, हे नीट मांडावं लागतं. आणि एवढं कळून लग्न लावलं तर फसेल ती परक्याची मुलगी; मावशीला हेच आधी पटलं.